फोनमधले भाषा पॅक तीन ठिकाणी का लपलेले असतात

"गुगल ट्रान्सलेटमधून गुजराती डिलीट केलं तरी स्टोरेज फुलच दाखवतंय" असा प्रश्न आमच्याकडे नंदुरबार-नवापूर पट्ट्यात जरा जास्तच ऐकू येतो. इथली माणसं घरात अहिराणी नाहीतर भिली-मावची बोलतात, तालुक्याला मराठी, सुरतच्या व्यापाऱ्याशी गुजराती आणि ट्रकवाल्याशी हिंदी. नवापूरचं तर रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. त्यामुळे फोनमध्ये दोन-तीन भाषा उतरवून ठेवणं ही इथे हौस नाही, धडगाव-तोरणमाळकडे रेंज गेली की लागतंच ते. प्रश्न येतो काढायच्या वेळी, कारण अँड्रॉइडमध्ये ऑफलाइन भाषा एका जागी नसतेच, ती तीन वेगवेगळ्या खिशांत पडलेली असते आणि एक खिसा रिकामा केला म्हणून दुसरा रिकामा होत नाही. हे असं का झालं ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

सगळ्यात आधी आला आवाज, म्हणजे फोनने वाचून दाखवणं. २००९ मध्ये अँड्रॉइड १.६ सोबत पिको नावाचं इंजिन आलं, इंग्लिश (अमेरिकन आणि ब्रिटिश), फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश, बस. आपल्याकडची एकही भाषा नाही. पण त्याने एक पद्धत पाडली: बोलणारं इंजिन वेगळं, आणि भाषेचा 'व्हॉइस डेटा' वेगळा, हवा तर उतरवा, नको तर काढा. ही सोय सेटिंगमध्ये टेक्स्ट-टू-स्पीचच्या आत गेली आणि अजून तिथेच आहे. पुढे गुगलने स्वतःचं इंजिन आणलं, हिंदी आली, मग मराठीही आली, तरी जागा तीच.

दुसरा खिसा बोलून टाइप करण्याचा. २०१२ मध्ये जेली बीन म्हणजे अँड्रॉइड ४.१ आलं आणि नेट नसताना व्हॉइस टायपिंग शक्य झालं, सुरुवात अमेरिकन इंग्लिशने. त्याचे पॅक गुगल ॲपच्या सेटिंगमध्ये, व्हॉइसच्या आत, ऑफलाइन स्पीच रेकग्निशन नावाच्या पानावर राहायचे. तिसरा खिसा भाषांतराचा, मार्च २०१३ मध्ये ट्रान्सलेट ॲपमध्ये ५० भाषा ऑफलाइन उतरवायची सोय आली, अँड्रॉइड २.३ वरसुद्धा चालायची. हे पॅक अर्थातच ट्रान्सलेटच्या स्वतःच्या डेटामध्ये. म्हणजे तीन कामं, तीन वेगळी ॲप, तीन वेगळी वर्षं, आणि अँड्रॉइडचा नियम असा की एका ॲपच्या खाजगी जागेत दुसरं ॲप हात घालू शकत नाही. फाइल मॅनेजर उघडून 'मराठी' शोधत बसलात तरी हे पॅक दिसणार नाहीत ते याचमुळे.

आता त्या २०१३ च्या पॅकचं वजन बघा. तेव्हाचं भाषांतर वाक्यांशांवर चालायचं, म्हणजे पॅकमध्ये लाखो तुकड्यांच्या जोड्यांचा तक्ता: हा तुकडा आला तर तो तुकडा द्यायचा, किती शक्यतेने, आणि वर समोरच्या भाषेत कुठला शब्द कुठल्या शब्दापाठोपाठ येतो त्याचा वेगळा हिशोब. तक्ता कापूनछाटून फोनमध्ये बसवला तरी पॅक शंभर MB च्या वर जायचे. टूजीवर सेकंदाला पंधरा-सोळा KB मिळाले तर दीडशे MB ला तीन तासांच्या आसपास लागणार, तेही मध्ये रेंज तुटली नाही तर! आणि फोन कसले, सप्टेंबर २०१४ मध्ये भारतात अँड्रॉइड वनचे पहिले फोन आले त्यांच्यात अंतर्गत मेमरीच ४ GB, त्यातली बरीचशी सिस्टिमनेच खाल्लेली. दोन भाषा टाकल्या की व्हॉट्सॲपचे फोटो डिलीट करावे लागायचे. पॅक काढून टाकायचं बटण तेव्हा खरंच रोजच्या वापरातलं होतं.

मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि बऱ्याच जणांना वाटलं आता ऑफलाइनचं काम संपलं. संपलं नाही, कारण सातपुड्यात टॉवरच नाही तिथे स्वस्त डेटा काय करणार. पण बदल दुसरीकडून झाला. २०१७ मध्ये मराठी, गुजराती, हिंदी धरून आपल्या अनेक भाषांचं ऑनलाइन भाषांतर न्यूरल पद्धतीवर, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेल्या आकड्यांच्या जाळ्यावर गेलं, आणि जून २०१८ मध्ये तीच पद्धत फोनच्या आत आली, ५९ भाषांसाठी, त्यात मराठीही. इथे तक्ताच गेला. पॅकमध्ये फक्त जाळ्याचे आकडे, तेही कमी बिटमध्ये दाबलेले, म्हणून एका भाषेचं वजन ३५ ते ४५ MB वर आलं आणि भाषांतर उलट सुधारलं, कारण तुकडे जोडण्याऐवजी अख्खं वाक्य एकदम बघितलं जातं. ज्यांच्याकडे जुने पॅक होते त्यांना ॲपच्या पहिल्या पानावर पट्टी दिसायची, तिथून नवीन उतरवून घ्यायचे.

गंमत अशी की बोलून टाइप करण्याच्या पॅकचं बरोबर उलटं झालं, ते वाढले. २०१६ मध्ये गुगलच्या संशोधकांनी फोनवर चालणाऱ्या रेकग्निशनचं वर्णन लिहिलं, सगळं मिळून साधारण २० MB, नेक्सस ५ वर मजेत चालणारं, पण शब्दसंग्रह ६४ हजारांवर बांधलेला. त्या यादीत नसलेला शब्द तो ऐकूच शकत नाही, जवळचा दुसरा कुठलातरी लिहितो. गावांची नावं, आडनावं ऑफलाइनमध्ये वाकडी यायची ती यामुळेही, तुमच्या उच्चाराला उगाच दोष. मार्च २०१९ मध्ये गुगलच्या जीबोर्ड कीबोर्डमध्ये नवीन पद्धत आली, पिक्सेल फोनवर आणि फक्त अमेरिकन इंग्लिशसाठी. आवाज आत जातो आणि एकच जाळं थेट अक्षरं बाहेर काढतं, मध्ये शब्दांची बांधलेली यादीच नाही. ते मॉडेल आधी ४५० MB होतं, आकडे दाबून ८० MB वर आणलं. म्हणजे अचूकता वाढली पण जुन्या २० MB च्या चौपट जागा. भाषांतराचे पॅक हलके झाले म्हणून सगळंच हलकं झालं असेल असं समजू नका.

याच काळात बोलण्याचे पॅक हळूहळू गुगल ॲपमधून उठून त्या वाचून दाखवणाऱ्या इंजिनच्या ॲपमध्ये गेले, त्याचं नाव 'स्पीच सर्व्हिसेस बाय गुगल' झालं आणि पुढे 'स्पीच रेकग्निशन अँड सिंथेसिस'. पॅकेजचं नाव मात्र अजून com.google.android.tts असंच आहे, जुन्या कामाची खूण. त्यामुळे जुने व्हिडिओ बघून गुगल ॲपच्या सेटिंगमध्ये शोधायला गेलात तर अनेक फोनवर ते पान रिकामं तरी मिळतं किंवा भलतीकडेच घेऊन जातं.

आणि एक चौथा खिसा आहे, तो कोणी सांगतच नाही. मे २०१९ मध्ये गुगलने एमएल किटमधून हेच फोनवरचं भाषांतर बाकीच्या ॲप बनवणाऱ्यांना दिलं, एका भाषेचं मॉडेल सुमारे ३० MB. ही मॉडेल त्या त्या ॲपच्या खाजगी जागेत उतरतात. म्हणजे तुमच्या फोनमध्ये शब्दकोशाचं एक ॲप आणि चॅटिंगचं एक ॲप दोघंही हे वापरत असतील तर मराठी दोनदा उतरतं, ट्रान्सलेटमधलं धरून तीनदा, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

आता समजा नवापूरच्या एका किराणा दुकानदाराचा ३२ GB चा फोन आहे. ट्रान्सलेटमध्ये मराठी, गुजराती, हिंदी उतरवलेली, प्रत्येकी ४० धरली तर १२०, आणि वर इंग्लिश. एका तिसऱ्या ॲपमध्ये मराठी-गुजराती, ते ६०. व्हॉइस टायपिंगला हिंदी, वाचून दाखवायला हिंदी-मराठीचे आवाज. त्याने ट्रान्सलेटमधून गुजराती उडवलं, सुटले ४० MB, स्टोरेजच्या पट्टीवर ते दिसणारच नाही. वैतागून त्याने Clear cache दाबलं, पॅकना धक्काही लागला नाही कारण ते कॅशमध्ये नसतातच. मग Clear storage दाबलं तर पॅक गेले, पण सोबत फोनवर साठवलेली बाकीची सेटिंगही गेली. त्यापेक्षा ट्रान्सलेटमध्ये प्रोफाइलच्या गोलावर दाबून उतरवलेल्या भाषांच्या यादीत जायचं आणि हवं तेवढंच काढायचं. आवाज टेक्स्ट-टू-स्पीचच्या सेटिंगमध्ये, व्हॉइस डेटाच्या यादीतून काढायचा. बोलून टाइप करण्याचे पॅक त्या गुगलच्या स्पीच ॲपमधून, फक्त तिथे ऑटो-अपडेट चालू असेल आणि कीबोर्डच्या व्हॉइस टायपिंगला तीच भाषा ठेवलेली असेल तर वायफाय लागल्यावर ते परत येऊ शकतात, म्हणून आधी कीबोर्डमधून ती भाषा काढा. तिसऱ्या ॲपमध्ये काढायचं बटणच दिलं नसेल तर त्या एका ॲपचं Clear storage.

इंग्लिश मात्र निघत नाही, आणि लोक त्यावर चिडतात, "काय भो, मला इंग्लिश येतं, ते कशाला पाहिजे." त्याचं कारण यंत्राच्या बांधणीत आहे. प्रत्येक पॅक त्या भाषेचा इंग्लिशशी सांधा असतो, मराठी ते गुजराती असा थेट रस्ता पॅकमध्ये नाही, मराठीचं आधी इंग्लिश होतं आणि त्याचं गुजराती. ५९ भाषांच्या सगळ्या जोड्या थेट करायच्या तर हजारांवर पॅक लागले असते, असं मधलं स्टेशन ठेवल्यावर भाषेमागे एक पुरतो. किंमत अशी की मधल्या इंग्लिशमध्ये आदरार्थी रूप गळतं, म्हणून सुरतच्या मोठ्या शेठला ऑफलाइन भाषांतर करून निरोप पाठवताना एकदा वाचून बघा. अहिराणीचा असा पॅक नाहीच, अहिराणी वाक्य मराठी समजून टाकलं की बरंच भलतं येतं.

पॅक खरंच उतरलाय की नेटवरून चाललंय हे बघायचं असेल तर फ्लाइट मोड लावा आणि वायफायही हाताने बंद करा, कारण नव्या फोनमध्ये फ्लाइट मोडमध्येही वायफाय चालू राहू शकतं. त्यानंतर भाषांतर आलं तर पॅक आहे, डाउनलोड करा असं आलं तर नाही. व्हॉइस टायपिंगची अशीच वेगळी चाचणी घ्या, भाषांतर चाललं म्हणून बोलणंही चालेल असं नसतं. आणि एवढं करून मिळणार काय, तर चारही खिसे झाडले तरी काहीशे MB. फोन फुल असेल तर आधी व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधले व्हिडिओ बघा, तिथे GB मध्ये माल पडलेला असतो, आणि गुजराती पॅक राहू द्या, गुजरातेत उच्छलच्या पुढे रेंज गेल्यावर परत उतरवता येत नाही.