दुकानातली वाचक-बैठक: आमंत्रण कसं द्यायचं आणि नंतर काय करायचं
(पुस्तकविक्रेत्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

लेखकाशी गप्पा ठेवल्या, सुंदर पोस्टर केलं, तीनशे जणांना व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि आले नऊ जण. असं झालं की दोष बहुतेक वेळा पोस्टरला दिला जातो. खरी अडचण अनेकदा आधीच्या पायरीवर असते: निरोप पोहोचलेलाच नसतो.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 पर्यंत नंबर बसतात, पण निरोप मिळतो तो फक्त ज्यांनी दुकानाचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच. बिलावरून उतरवून घेतलेल्या नंबरांची यादी म्हणूनच फसवी. पाठवलेल्या निरोपावर बोट दाबून धरा आणि माहिती उघडा. कोणाकोणाला पोहोचला ते तिथे दिसतं. नेट बंद असलेले एक-दोन दिवसांत त्यात येतात. त्यानंतरही जे येत नाहीत, त्यांच्याकडे बहुधा तुमचा नंबर नाही.

उपाय गल्ल्यावरच आहे. कार्यक्रमाच्या महिनाभर आधीपासून तिथे क्यूआर कोड लावा. त्यात भरायची लिंक अशी, अधिकचं चिन्ह न घालता आणि मोकळी जागा न सोडता:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

कोड स्कॅन केला की गप्पांची खिडकी उघडते, पण नंबर आपोआप सेव्ह होत नाही. म्हणून बिल करता करता सांगायचं, "नंबर सेव्ह करून ठेवा, म्हणजे कार्यक्रमाचं कळवता येईल." नको म्हणणाऱ्याला आग्रह करू नका, वैतागलेला माणूस ब्लॉक करतो.

तारीख आणि निरोप

मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने बैठक घ्यायची असेल, तर 27 फेब्रुवारीचा हट्ट सोडा. त्या दिवशी शाळा-महाविद्यालयांत कार्यक्रम असतात आणि चांगले वक्ते आधीच कबूल झालेले असतात. नंतरचा रविवार बरा. निरोप तीनदा जावा: दहा दिवस आधी, तीन दिवस आधी आणि त्याच सकाळी. त्याहून जास्त नको. पहिला निरोप असा:

"रविवार, 1 मार्च. सकाळी 10.30 ते 12. कादंबरीच्या अनुवादिकेशी गप्पा, नंतर चहा. प्रवेश मोफत, जागा 25. येणार असाल तर 'येतो' किंवा 'येते' एवढंच लिहा. गाडी मागच्या गल्लीत लावता येईल."

हा मजकूर फोटोत नको, अक्षरांत टाका, म्हणजे तो शोधता येतो आणि पुढे पाठवताना वाचता येतो. पोस्टर सोबत असू द्या, पण तारीख-वेळ फक्त पोस्टरवर ठेवू नका. गूगलवरच्या दुकानाच्या नोंदीतही कार्यक्रमाची पोस्ट टाका. शेवटची वेळ तिथे भरावी लागते, आणि ती चुकली की कार्यक्रम संपायच्या आधीच झालेला दिसतो.

मोफत कार्यक्रमाला "येतो" म्हणणारे सगळे येत नाहीत. चाळीस होकार आले तर पंचवीस जण धरून चाला. अठरा खुर्च्या मांडा, बाकीच्या आत ठेवा आणि लोक वाढतील तशा काढा. रिकाम्या खुर्च्या फोटोत फार दिसतात! पंचवीस माणसांसाठी त्या पुस्तकाच्या दहा-बारा प्रती साधारण पुरतात. प्रकाशकाशी पंधरा दिवस आधी परतीच्या बोलीवर ठरवा. ऐनवेळी पार्सल अडकलं तर सही कशावर घेणार? सहीचं टेबल गल्ल्यापासून दूर ठेवा. दोन्ही जवळ असले की एकच रांग होते, बिल करायचं राहतं आणि लोक पुस्तक ठेवून निघून जातात.

दाराशी वहीत नाव, मोबाइल आणि "कुठून कळलं?" एवढंच लिहून घ्या. पुढे निरोप पाठवला तर चालेल का, हेही तिथेच विचारा. फोटो काढणार हे सुरुवातीला सांगा. मुलांचे फोटो टाकायचे तर पालकांना विचारूनच.

दुसऱ्या दिवशी

इथे बहुतेकांचा हुरूप ओसरतो, आणि विक्री इथेच राहून जाते. आलेल्यांना कार्यक्रमाच्याच संध्याकाळी तीन फोटो आणि आभार. न आलेल्यांना वेगळा निरोप, सोमवारी: "सही केलेल्या चार प्रती शिल्लक आहेत, हव्या असतील तर ठेवतो." इन्स्टाग्रामसाठी एक मिनिटाची एकच चित्रफीत पुरे. फोन वक्त्यापासून हातभर अंतरावर ठेवून घेतलेली, कारण मागच्या रांगेतून घेतली की पंख्याचा आवाज बोलण्यावर चढतो. स्टोरी 24 तासांनी जाते, तेव्हा ती हायलाइटमध्ये जोडून ठेवा.

गूगलवर अभिप्राय मागायला हरकत नाही. मात्र अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देऊ नका. गूगलच्या नियमांत ते बसत नाही आणि असे अभिप्राय काढले जाऊ शकतात.

शेवटी वहीतला "कुठून कळलं?" हा रकाना मोजा. बावीसपैकी तेरा जण व्हॉट्सॲपवरून, सहा ओळखीतून आणि एखादाच इन्स्टाग्रामवरून आलेला दिसला, तर पुढच्या वेळी जाहिरातीचे पैसे रील 'बूस्ट' करण्यात घालू नका. त्यात आणखी चहा-बिस्किटं येतील.