भाडं गोठवल्यावर घराचं काय होतं?

भाडेनियंत्रणावर वाद सुरू झाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. "कायदा येऊन वर्ष झालं. भाडी आटोक्यात आहेत, एकही घर नाहीसं झालेलं नाही. मग अर्थतज्ज्ञ उगाच कशाला घाबरवत होते?" यातली निरीक्षणं बहुतेक वेळा खरी असतात. गडबड आहे ती 'वर्ष' या शब्दात, कारण घरांच्या बाबतीत एक वर्ष म्हणजे काहीच नाही.

घर ही फार संथ वस्तू आहे. कोणत्याही मोठ्या, जुन्या शहरात वर्षभरात नवी बांधली जाणारी घरं आधीपासून उभ्या असलेल्या घरांच्या फार तर एक-दोन टक्के भरतात. उभी इमारत मालकाला उचलून दुसरीकडे नेता येत नाही. कायद्याने भाडं कमी केलं तरी रिकाम्या घरातून काहीच मिळत नाही, म्हणून तो कमी भाड्यावर घर चालू ठेवतो. अर्थशास्त्राच्या भाषेत अल्पकाळात पुरवठा जवळजवळ अलवचिक असतो, म्हणजे भाडं बदललं तरी घरांची संख्या फारशी बदलत नाही. त्यामुळे पहिल्या एक-दोन वर्षांत भाडेनियंत्रणाचा परिणाम एवढाच दिसतो, की मालकाच्या खिशातले पैसे भाडेकरूच्या खिशात राहतात. आजारी, वयस्कर किंवा तुटपुंज्या पगारावरच्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती नाकारण्यात काही शहाणपण नाही.

पुढे मात्र चक्रवाढ आपलं काम करते. समजा, कायदा दरवर्षी २ टक्के वाढ देतो आणि बाजारातलं भाडं ५ टक्क्यांनी वाढतं. पहिल्या वर्षी दोन्हींतला फरक जेमतेम ३ टक्के, कुणाच्या लक्षातही येणार नाही इतका. दहा वर्षांनी नियंत्रित भाडं बाजारभावाच्या सुमारे ७५ टक्के उरतं आणि वीस वर्षांनी ५६ टक्के. कायद्यातलं एक अक्षरही बदललेलं नसतं, पण तो पहिल्या वर्षीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आवळत असतो.

आता या सगळ्यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट. ती नीट समजली की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

भाडं म्हणजे नेमकी कशाची किंमत? चार भिंतींची नव्हे. न गळणारं छत, दाबाने येणारं पाणी, चालू लिफ्ट, धोका नसलेलं वायरिंग या सगळ्या सोयीची ती किंमत आहे. समजा, एका घरात सोयीचे १०० भाग आहेत आणि बाजारात दर भागाला १ असा भाव आहे. म्हणजे भाडं १००. नियंत्रण नसेल आणि मालकाने डागडुजी टाळली, तर सोय ९० वर येईल, पुढचा भाडेकरू ९०च देईल आणि मालकाचा तोटा होईल. या तोट्याच्या भीतीपोटीच तो प्लंबरला बोलावतो.

आता भाड्यावर ७५ची मर्यादा आली. सोय १००वरून ९०वर घसरली तरी बाजाराच्या हिशेबाने ते घर ९०चं आहे आणि मालक मागतोय ७५. भाडेकरू सोडून जाणार नाही, आणि गेलाच तरी दारात दुसरा उभा आहे. म्हणजे डागडुजी टाळल्याची शिक्षा शून्य, आणि वाचलेला खर्च मात्र खिशात. सोय ८५ झाली, ८० झाली, तरी हिशेब तोच. तो बदलतो सोय ७५ला पोहोचल्यावर. त्याखाली घर गेलं तर भाडेकरूला दुसरीकडे त्याच पैशांत बरं घर मिळू शकतं, म्हणून तिथून पुढे मालक पुन्हा दुरुस्त्या करू लागतो.

त्या बिंदूवर काय झालंय ते पाहा. भाडेकरू ७५ देतो आणि सोयीचे ७५ भाग घेतो. दर भागाला भाव पुन्हा १. कायद्याने भाड्याचा आकडा धरून ठेवला, पण सोयीचा भाव त्याच्या हातून निसटून पुन्हा मूळ जागी गेला. आणि मर्यादा व बाजारभाव यांतली दरी रुंदावत राहिली, तर ही तळरेषाही दरवर्षी खाली सरकते. आज ७५, आणखी दहा वर्षांनी ५६.

यासाठी मालक दुष्ट असावा लागत नाही. खर्च केला काय आणि न केला काय, भाडं तेवढंच येणार असेल, तर चांगल्या माणसाच्या हातूनही "पुढच्या वर्षी बघू" होतं.

भाडेनियंत्रणामुळे शहरं बॉम्बहल्ल्यासारखी उद्ध्वस्त होतात, असं एक वाक्य या विषयावर वारंवार फेकलं जातं. ते अतिशयोक्त का आहे, तेही याच गणितातून कळतं. घसरण मर्यादा आणि बाजारभाव यांच्यातल्या दरीएवढीच होते. मर्यादा सैल असेल, बाजाराच्या मागोमाग सरकत असेल, तर घर थोडंसंच उतरतं. "कायदा आला की सगळं सुरळीत" आणि "कायदा आला की सगळे ढिगारे" या दोन्ही घोषणा सारख्याच पोकळ आहेत. दरी किती आणि ती किती वर्षं वाढत गेली, हे विचारायला हवं.

एक गोष्ट मात्र या सरळ गणितात बसत नाही, ती म्हणजे गंज. न्हाणीघराच्या भिंतीतल्या पाइपचा सांधा ठिबकू लागतो. पहिल्या पावसाळ्यानंतर खालच्या मजल्याच्या छतावर तळहाताएवढा ओलावा दिसतो. सांधा बदलणं अर्ध्या दिवसाचं काम. ते टाळलं की पाणी स्लॅबमधल्या सळ्यांपर्यंत पोहोचतं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे सळई फुगते आणि काँक्रीटला आतून तडे जातात. पोपडे पडून सळ्या उघड्या दिसू लागल्या, की प्लंबरचं काम संपून स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सुरू होतं, आणि तो खर्च नियंत्रित भाड्यातून कधीच निघत नाही. म्हणजे मालकाला ७५ला थांबायचं असलं तरी इमारत तिथे थांबेल याची खात्री नसते. भाडेकरू आपल्या खोलीला रंग देतो, फरशी बदलतो, पण सामायिक पाइप आणि छत यांवर एकट्याने पैसा घालत नाही.

हे सगळं कागदावरचं झालं. प्रत्यक्षात तपासायचं कसं? नियंत्रित घरं मुळातच जुनी असतात, तेव्हा ती वाईट स्थितीत दिसली तर दोष कायद्याचा की वयाचा? इथे अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोने संशोधकांच्या हाती एक सुंदर नैसर्गिक प्रयोग दिला.

तिथे भाडेनियंत्रण १९७९ साली आलं. मात्र चार किंवा त्याहून कमी घरांच्या ज्या इमारतीत मालक स्वतः राहतो, ती त्यातून वगळली होती. नोव्हेंबर १९९४ मध्ये मतदारांनी ही सूट काढून टाकली, पण १९८० पासून पुढे बांधलेल्या इमारती बाहेरच राहिल्या. म्हणजे सारख्याच आकाराच्या दोन छोट्या इमारती, एक १९७८ची आणि एक १९८२ची. १९९४ नंतर एकीचं भाडं कायद्याने बांधलेलं, दुसरीचं मोकळं. त्या बांधताना १९९४ मध्ये काय मतदान होणार हे कुणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं, त्यामुळे ही विभागणी चिठ्ठ्या टाकून केल्यासारखीच झाली. रिबेका डायमंड, टिम मॅक्वेड आणि फ्रँकलिन च्यान या अर्थतज्ज्ञांनी या इमारतींतले रहिवासी पुढची कित्येक वर्षं कुठे राहिले आणि इमारतींचं काय झालं, याचा माग काढला. त्यांचा शोधनिबंध २०१९ साली प्रसिद्ध झाला.

जे लोक १९९४ साली तिथे राहत होते, ते नंतरच्या वर्षांत त्याच पत्त्यावर टिकण्याची शक्यता नियंत्रणामुळे १० ते २० टक्क्यांनी वाढली. वयस्कर आणि जुन्या भाडेकरूंमध्ये हा परिणाम जास्त ठळक होता. कायद्याचा हेतू त्यांच्यापुरता सफल झाला.

पण त्याच इमारतींत भाड्याच्या घरांचा पुरवठा, कायद्याबाहेरच्या इमारतींच्या तुलनेत, १५ टक्क्यांनी घटला. घरं नाहीशी झाली नाहीत, भाड्याच्या बाजारातून निघून गेली. मालकांनी ती स्वतंत्र फ्लॅट म्हणून राहायला येणाऱ्यांना विकली किंवा इमारत पाडून नव्याने बांधली. नव्या बांधकामाला नियंत्रण लागू नव्हतं, आणि कॅलिफोर्नियात १९८५ पासूनचा एक राज्य कायदा मालकाला भाड्याचा व्यवसाय पूर्ण बंद करण्याची मुभा देतो. सॅन फ्रान्सिस्कोत नवा भाडेकरू आला की भाडं पुन्हा बाजारभावाने ठरवता येतं, त्यामुळे डागडुजी टाळण्याची ओढ तिथे तुलनेने कमी आणि जुना भाडेकरू जाण्याची वाट पाहण्याची ओढ जास्त. दाब एका बाजूने बंद केला तर दुसऱ्या बाजूने बाहेर पडला.

भाड्याची घरं कमी झाल्यामुळे शहरभरातली भाडी सुमारे ५ टक्क्यांनी चढली असावीत, असा या तिघांचा अंदाज आहे. संरक्षित भाडेकरूंना झालेला फायदा आणि या चढीमुळे उरलेल्या व पुढे येणाऱ्या भाडेकरूंना पडलेला भुर्दंड त्यांच्या हिशेबात जवळपास सारखाच भरतो. फरक एवढाच की फायदा लगेच, ओळखीच्या माणसांना मिळाला. भुर्दंड नंतर, शहरात अजून न आलेल्या माणसांवर पडला.

घरांच्या दर्जाबद्दलचा पुरावा देशाच्या दुसऱ्या टोकाला सापडतो. त्याच नोव्हेंबर १९९४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मतदारांनी राज्यातलं भाडेनियंत्रणच रद्द केलं. बॉस्टन परिसरातल्या आधीच्या आणि नंतरच्या घरांची तुलना अर्थतज्ज्ञ डेव्हिड सिम्स यांनी केली. नियंत्रणामुळे नवं बांधकाम फारसं अडलं नव्हतं, पण बरीच घरं भाड्याच्या बाजाराबाहेर राहिली होती आणि नियंत्रित घरांची देखभाल खालावली होती. नव्या बांधकामाला सूट नसेल तर मात्र चित्र बदलतं. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहराने २०२१ साली मतदानाने ३ टक्क्यांची मर्यादा आणली आणि ती नव्या इमारतींनाही लावली. बांधकाम परवान्यांचे अर्ज लगोलग ओसरले आणि वर्षभरातच नगर परिषदेला नव्या इमारतींना २० वर्षांची सूट द्यावी लागली.

म्हणून एखाद्या शहरात भाडेनियंत्रण कसं चाललंय हे पाहायचं असेल, तर सरासरी भाड्याच्या आकड्याने काही कळत नाही. कायद्याच्या तारखेआधी बांधलेल्या इमारतींतली किती घरं आज भाड्याने दिली जातात आणि त्यांत किती दुरुस्त्या झाल्या, हे दहा-पंधरा वर्षांच्या अंतराने मोजावं लागतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट मोजली. १९९४च्या मतदानाने ज्या इमारती नियंत्रणाखाली आल्या, त्यांत नंतर राहायला आलेल्यांचं उत्पन्न कायद्याबाहेरच्या तशाच इमारतींतल्या रहिवाशांपेक्षा किमान १८ टक्क्यांनी जास्त निघालं.