औषधजन्य निद्रानाश

औषधजन्य निद्रानाश : दुसऱ्याच आजारासाठी घेतलेल्या औषधामुळे झोप उशिरा लागणे, मध्येच मोडणे, पहाटे फार लवकर जाग येणे किंवा विचित्र स्वप्नांनी रात्र विस्कटणे, या सर्वांना मिळून ही संज्ञा वापरतात. तिचा व्याप मोठा आहे. सर्दीच्या गोळीतील फेनिलेफ्रिन, डोकेदुखीच्या गोळीतील कॅफीन, दम्यासाठीचे थिओफायलिन, संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी अशी अनेक औषधे तीत येतात. प्रस्तुत नोंदीत मात्र स्टेरॉइडे, बीटा-रोधके (बीटा ब्लॉकर) आणि नैराश्यावर दिली जाणारी काही अवसादरोधी औषधे या तीन गटांचाच विचार केला आहे. झोप जाते म्हणून यांतली गोळी रुग्णाने स्वतःहून एकाएकी बंद केली, तर गेलेल्या झोपेपेक्षा कितीतरी गंभीर संकट ओढवू शकते, हे त्याचे कारण.

स्टेरॉइडे : येथे स्टेरॉइड म्हणजे प्रेडनिसोलोन, मिथिलप्रेडनिसोलोन, डिफ्लाझाकॉर्ट, डेक्सामेथासोन ही अधिवृक्क ग्रंथीतील कॉर्टिसॉलसारखे कार्य करणारी औषधे होत, व्यायामशाळांत पिळदार शरीरासाठी घेतली जाणारी ती नव्हेत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी १९४८ साली संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन प्रथम दिले. सांध्यांना आराम पडण्याबरोबरच रुग्ण कमालीचे उल्हसित होतात आणि त्यांची झोप उडते, हे त्या सुरुवातीच्या काळातच ध्यानात आले होते.

निरोगी माणसाच्या रक्तातील कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, पहाटे चढू लागते आणि उठण्याच्या वेळी शिखर गाठते. शरीर दिवसभरात साधारण १० ते २० मिग्रॅ. कॉर्टिसॉल तयार करते. प्रेडनिसोलोनची ५ मिग्रॅ.ची गोळी सुमारे २० मिग्रॅ. कॉर्टिसॉलच्या तोडीची असते. म्हणजे रात्री जेवणानंतर घेतलेले २० मिग्रॅ. प्रेडनिसोलोन हे ८० मिग्रॅ. कॉर्टिसॉलसारखे झाले, आणि तेही ज्या वेळी शरीराला जवळजवळ काहीच नको असते त्या वेळी. शरीराच्या लेखी ती सकाळच होय.

नमुन्यादाखल एक प्रसंग घेऊ. साठीतल्या एका बाईंचा दमा उसळला आणि चिठ्ठीवर प्रेडनिसोलोन २० मिग्रॅ., १-०-१, ५ दिवस असे लिहून मिळाले. बाईंनी रात्रीची गोळी साडेनऊला, जेवण झाल्यावर घेतली. दुसऱ्या रात्री दोन वाजता त्या स्वयंपाकघरात डबे पुसून लावत होत्या. अंगात हुशारी, पोटात भूक आणि डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या दिवशी त्या मेडिकलमध्ये झोपेची गोळी मागायला गेल्या. फार्मासिस्टने गोळी काढून न देता आधी विचारले, ‘मावशी, खोकल्याने किंवा धाप लागून जाग येते, की श्वास ठीक असूनही झोपच लागत नाही?’ या प्रश्नावर सारे अवलंबून आहे. पहाटे खोकल्याने किंवा दम कोंडून जाग येत असेल तर दमा अजून आटोक्यात आलेला नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे. श्वास मोकळा, छाती शांत आणि मन मात्र टक्क जागे असेल तर संशय गोळीच्या वेळेवर जातो. बाईंचे दुसऱ्या प्रकारचे होते. फार्मासिस्टने डॉक्टरांना फोन केला. सकाळचे २० मिग्रॅ. घेऊन झाले होते, म्हणून उरलेले २० दुपारच्या जेवणाबरोबर घ्यायचे आणि उद्यापासून चाळीसच्या चाळीस न्याहारीनंतर एकदम, असे ठरले. एकूण मात्रा तीच राहिली, बदलली ती वेळ.

अशा वेळी सवयीने झोपेची गोळी जोडली जाते, तेव्हा दोन गोष्टी बिघडतात. दमेकऱ्यात काही झोपेच्या गोळ्या श्वासाचा जोर कमी करतात, आणि स्टेरॉइडचे पाच दिवस संपले तरी झोपेची गोळी मागे उरते.

सकाळच्या वेळेचा नियम सर्व स्टेरॉइडांना सारखा लागू पडत नाही. प्रेडनिसोलोनचा परिणाम १२ ते ३६ तास, तर डेक्सामेथासोनचा ३६ तासांहून अधिक टिकतो. म्हणून डेक्सामेथासोन सकाळी घेऊनही रात्र जागी जाऊ शकते. कोविडच्या साथीत रोज ६ मिग्रॅ. डेक्सामेथासोन १० दिवसांपर्यंत देत. ती मात्रा सुमारे ४० मिग्रॅ. प्रेडनिसोलोनइतकी आहे. त्या काळात पेशंट रात्र रात्र बसून असतो असे घरचे सांगत. त्यामागे आजार आणि धास्ती यांबरोबर या औषधाचाही वाटा असणार. काही आजारांत डॉक्टर मात्रा मुद्दाम विभागून देतात, त्यामुळे १-०-१ दिसले की ती चूकच, असे समजू नये. तीन आठवड्यांहून अधिक काळ चाललेले स्टेरॉइड एकदम थांबवल्यास सुस्तावलेली अधिवृक्क ग्रंथी वेळेवर जागी होत नाही आणि रक्तदाब कोसळू शकतो.

बीटा-रोधके : जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलेले प्रोप्रॅनोलोल १९६० च्या दशकाच्या मध्यास वापरात आले, ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. रक्तदाब, हृदयविकार, अर्धशिशी, हातांचा कंप अशा अनेक तक्रारींवर ही औषधे देतात. ती झोप कशी बिघडवतात याविषयी मात्र दोन मते आहेत.

जुने मत मेदविद्राव्यतेचे. प्रोप्रॅनोलोल आणि मेटोप्रोलोल मेदात विरघळतात, म्हणून मेंदूत सहज शिरतात. ॲटेनोलोल पाण्यात विरघळणारे, ते बाहेरच अडते. मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या ऊतकांच्या तपासणीत हा फरक प्रत्यक्ष दिसला. त्यावरून ‘स्वप्ने पडत असतील तर प्रोप्रॅनोलोल सोडून ॲटेनोलोल द्या’ हा सल्ला रूढ झाला आणि पाठ्यपुस्तकांत अजूनही आढळतो.

दुसरे मत मेलॅटोनिनचे. रात्री स्रवून झोपेला मदत करणारे हे संप्रेरक येल विद्यापीठात ॲरन लर्नर यांनी १९५८ मध्ये वेगळे केले. अंधार पडल्याचा निरोप मेंदूतील घड्याळाकडून मणक्यातून खाली आणि मानेतील चेतागुच्छातून पुन्हा वर, असा वळसा घेऊन मेलॅटोनिन तयार करणाऱ्या तृतीय नेत्र पिंडापर्यंत, म्हणजे पिनिअल ग्रंथीपर्यंत, पोहोचतो. तेथे नॉरॲड्रेनॅलीन हे निरोप नेणारे रसायन पेशींवरील बीटा ग्राहींवर बसते आणि मेलॅटोनिन स्रवू लागते. बीटा-रोधक नेमका तोच ग्राही अडवतो. महत्त्वाचा मुद्दा असा की हा पिंड रक्त-मेंदू अडसराच्या बाहेर आहे. तेव्हा मेंदूत न शिरणारे ॲटेनोलोलही तेथे सहज पोहोचते. ॲटेनोलोलनेही रात्रीचे मेलॅटोनिन घटते, कार्व्हेडिलोलने तसे होत नाही, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रियातील प्रयोगात दिसले. पुढे २०१२ मध्ये बॉस्टनमधील संशोधकांनी ॲटेनोलोल किंवा मेटोप्रोलोल घेणाऱ्या १६ रुग्णांपैकी काहींना तीन आठवडे रोज रात्री २.५ मिग्रॅ. मेलॅटोनिन आणि इतरांना निष्क्रिय गोळी दिली. मेलॅटोनिनच्या गटात एकूण झोप सुमारे ३६ मिनिटांनी अधिक भरली.

केवळ मेदविद्राव्यतेवर विसंबलेला सल्ला त्यामुळे अपुरा वाटतो. भडक स्वप्नांशी पहिल्या मताचा आणि रात्री झोप मोडण्याशी दुसऱ्याचा संबंध असावा, हे अधिक संभाव्य दिसते. तथापि १६ रुग्णांच्या आधारे बीटा-रोधक घेणाऱ्या प्रत्येकाने मेलॅटोनिन सुरू करावे, असे म्हणता येत नाही. २०२१ मध्ये २८५ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात बीटा-रोधकांमुळे नैराश्य येते हा जुना आरोप टिकला नाही. विचित्र स्वप्ने आणि निद्रानाश यांबद्दलचा संशय मात्र कायम राहिला.

हे औषध एकाएकी सोडल्यास नाडी उसळते, छातीत दुखू लागते, क्वचित हृदयविकाराचा झटका येतो. बंद करायचे ठरले तर डॉक्टर ते साधारण एक ते दोन आठवड्यांत उतरवत आणतात.

अवसादरोधी औषधे : फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, व्हेन्लाफॅक्सीन व ब्युप्रोपिऑन यांनी झोप उडू शकते, उलट मिर्टाझापीन व ॲमिट्रिप्टिलीन गुंगी आणतात, म्हणून ती रात्री देतात. फ्लुओक्सेटीन सकाळी घ्यावे असा सर्वत्र प्रघात आहे. परंतु काही आठवडे घेतल्यावर त्याची पातळी निम्मी होण्यास ४ ते ६ दिवस लागतात, त्यामुळे सकाळी घ्या वा संध्याकाळी, रात्रीच्या पातळीत फार फरक पडू नये. पहिल्या दोन-चार आठवड्यांत तक्रार आपोआप ओसरते का, हे पाहणे अधिक उपयोगाचे. ब्युप्रोपिऑनच्या बाबतीत वेळेला खरोखर महत्त्व आहे. दोन मात्रा असतील तर त्यांत किमान आठ तासांचे अंतर हवे आणि दुसरी झोपेच्या तोंडावर नको.

येथे निदान कठीण असते, कारण पहाटे तीन-चारला जाग येणे हे नैराश्याचेच लक्षण आहे. औषध सुरू होण्यापूर्वीची झोप कशी होती, हे लिहून ठेवले असेल तरच निवाडा होतो. रुग्ण दोन-तीन तासच झोपतो, तरी थकत नाही, अखंड बोलतो, पैसे उधळतो, असे दिसल्यास तो साधा निद्रानाश नव्हे, उन्मादाची सुरुवात असू शकते. अवसादरोधी आणि स्टेरॉइड, दोन्हींनी असे घडते, आणि मग त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

फार्मासिस्टला काय विचारावे : औषधे नियम, १९४५ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे. काउंटरवरचा मुलगा फार्मासिस्ट असेलच असे नाही, म्हणून आधी तेच विचारावे. त्यात संकोच बाळगू नये. जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, सर्दीच्या, डोकेदुखीच्या आणि आयुर्वेदिक म्हणून मिळालेल्या पुड्यांसकट, एका पिशवीत न्याव्यात. कोणते औषध कधी सुरू झाले आणि झोप कोणत्या रात्रीपासून बिघडली, या दोन तारखा कागदावर लिहिलेल्या असाव्यात. पुष्कळदा त्या शेजारी शेजारी ठेवताच उत्तर दिसते.

पहिला प्रश्न वेळेचा: ही गोळी सकाळी एकदाच घेता येईल का, की विभागूनच घ्यायची आहे? दुसरा गोळीच्या बनावटीचा: नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सएल असेल तर औषध हळूहळू सुटते, अशी गोळी कोणती अर्धी करता येते आणि कोणती अखंडच गिळायची, हे विचारून घ्यावे. तिसरा पिशवीतल्या इतर गोळ्यांचा: यांपैकी कशात कॅफीन किंवा नाक मोकळे करणारे औषध आहे का? चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, पण प्रसंग वारंवार येतो. सकाळची गोळी विसरली तर ती किती वाजेपर्यंत घ्यावी? रोज एकदाच्या प्रेडनिसोलोनची आठवण दुपारी झाली तर लगेच घेणे ठीक. ती रात्री नऊला झाली तर काय करायचे, याचे उत्तर आजारावर आणि मात्रेवर ठरते. ते औषध नेतानाच विचारून चिठ्ठीच्या मागे लिहून घ्यावे.