ए-वन पोस्टरला चार ए-थ्री का पुरत नाहीत?

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आणि शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांचा काळ, या दोन्ही वेळी आमच्या काउंटरवर हाच प्रश्न येतो. "ए-वन म्हणजे चार ए-थ्री ना? मग आठ कागदांचे पैसे कसे?" कोऱ्या कागदांपुरता हा हिशोब बरोबर आहे. छापलेल्या कागदांना तो लागू पडत नाही.

मशीनला कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापता येत नाही. आमच्या मशीनवर चारही बाजूंना साधारण ५ मिमी पांढरी पट्टी राहते. म्हणजे ४२० × २९७ मिमीच्या ए-थ्रीवर छपाई मिळते ४१० × २८७ एवढीच. शिवाय शेजारच्या दोन कागदांवर चित्राची एकच पट्टी दोनदा छापावी लागते. एक कागद दुसऱ्यावर चढवून चिकटवायचा तो याच पट्टीवर. हा ओव्हरलॅप आम्ही १५ मिमी ठेवतो. यापेक्षा कमी ठेवला तर चिकटवायला जागा उरत नाही.

आता ए-वन पाहू, ८४१ × ५९४ मिमी. आडवे दोन कागद जोडले की ४१० अधिक ४१० वजा १५, म्हणजे ८०५ मिमी होतात. हवेत ८४१. उंचीलाही ५५९ मिळतात, हवेत ५९४. म्हणून दोन्हीकडे तिसरा कागद लागतो आणि एकूण नऊ होतात. कागद उभे लावले तर रुंदीला चार आणि उंचीला दोन, असे आठ पुरतात. आम्ही आठ सांगतो ते एक कागद वाचवूनच.

पण त्याआधी आम्ही विचारतो, "माप थोडं कमी चालेल का?" कारण तीन उभ्या कागदांची रुंदी ८३१ भरते, म्हणजे फक्त १० मिमी कमी पडतात. डिझाइन ९८ टक्के केलं की काम सहा कागदांत होतं. ९४ टक्के केलं तर ते ७९० × ५५८ होतं आणि चार आडव्या कागदांत बसतं. भिंतीवर लावल्यावर हा फरक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. नेमकं माप हवंच असेल तर मात्र आठ कागद घ्यावेत.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो घरून तुकडे करून आणलेल्या फाइलमुळे. मागच्या हंगामात एका मंडळाचा कार्यकर्ता ए-वनचे बरोब्बर चार तुकडे करून घेऊन आला. ओव्हरलॅप नव्हता. मूळ मापात छापलं तर प्रत्येक कागदाच्या कडेचे ५ मिमी जातात, म्हणजे प्रत्येक जोडावर चित्रातले १० मिमी नाहीसे होतात. त्या पोस्टरवर एका अक्षराचा काना तेवढ्यात गेला. 'Fit' करून छापलं तर चित्र पूर्ण येतं, पण पांढरी पट्टी काटेकोर कापून कडेला कड भिडवावी लागते. एक मिमी चुकलं तरी शिरोरेषेला पायरी पडते, आणि मराठी मजकुरात ती लांबूनही दिसते. शेवटी मूळ फाइल मागवली आणि सगळं पुन्हा छापलं.

म्हणून तुकडे केलेली फाइल आम्ही घेत नाही. एकाच पानाची अखंड पीडीएफ आणा. तुकडे पाडून, क्रमांक घालून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. घरीच छापणार असाल तर अॅक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीत 'Poster' निवडा. तिथे 'Overlap' आधीपासून जवळजवळ शून्य असतो, तो स्वतः भरावा लागतो. 'Cut marks' आणि 'Labels' चालू करा. 'Tile Scale' एकेक टक्का कमी करत कागद किती लागतात ते शेजारच्या चित्रात पाहा.

चिकटवताना प्रत्येक कागदाची डावी आणि वरची पांढरी पट्टी कापा, उजवी आणि खालची राहू द्या. डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून पुढचा कागद आधीच्या कागदावर चढवा. आधी डिंक न लावता ठेवून पाहा. शिरोरेषा जुळली की मगच चिकटवा. पातळ डिंक नको. ओला कागद फुगतो आणि जुळवलेली रेघ पुन्हा सरकते. ग्लू-स्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरा. बाहेरच्या कडा सगळ्यात शेवटी कापा.

पोस्टर उघड्यावर, पावसात लागणार असेल तर कागद जोडू नका, फ्लेक्स करून घ्या. आतल्या भिंतीसाठी मात्र १३० जीएसएमचा कागद घ्या, जोडाखालची दुहेरी पट्टी वरून कमी जाणवते. तो आमच्याकडे नेहमी असतो. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फाइल फोटो म्हणून नको, 'Document' म्हणून पाठवा, आणि सोबत शेवटचं माप सेंटिमीटरमध्ये लिहा.