अडतीस गुणांचं पर्सेंटाइल किती?

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की घरोघरी एक गणित हमखास चुकतं. पीसीएम गटाची परीक्षा २०० गुणांची असते, त्यामुळे ९० पर्सेंटाइल म्हणजे १८० गुण, असं धरलं जातं. प्रत्यक्षात ९० या आकड्यावरून गुण किती पडले ते कळतच नाही. किती जण मागे राहिले, एवढंच कळतं.

फरक पाहायला एक वर्ग पुरेसा आहे. २० विद्यार्थ्यांनी ५० गुणांचा पेपर दिला. गुण चढत्या क्रमाने असे:

१४, १९, २२, २५, २७, २८, २९, ३०, ३१, ३३, ३४, ३५, ३६, ३८, ३८, ३८, ४१, ४२, ४५, ४७

तीन जणांना ३८ मिळालेत. हे तिन्ही ३८ यादीत तसेच ठेवायचे. एकच ठेवून बाकीचे गाळले, तर तीन मुलांच्या जागी एकच उरतो आणि पुढचं सगळं बिघडतं.

टक्के काढायला ही यादी लागतच नाही. ३८ भागिले ५०, गुणिले १००, म्हणजे ७६ टक्के. पर्सेंटाइल मात्र यादीशिवाय निघत नाही आणि त्यात पेपर किती गुणांचा होता याचा संबंध येत नाही. ३८ किंवा त्याहून कमी गुण असलेले मोजा: १६ जण. १६ भागिले २०, गुणिले १००, म्हणजे ८० पर्सेंटाइल. जेईई मेनमध्ये एनटीए हेच सूत्र वापरते, फक्त मोजणी त्या-त्या सत्रात बसलेल्या उमेदवारांपुरती होते. म्हणूनच सत्रात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला १०० पर्सेंटाइल मिळतं, भले त्याचे काही प्रश्न चुकलेले असोत. आपल्या वर्गात ४७ गुणांचंही तेच. टक्के ९४, पर्सेंटाइल १००.

समान गुणांचं काय करायचं, यावर मात्र एकमत नाही. ३८ पेक्षा कमी असलेलेच मोजले, तर १३ जण, म्हणजे ६५. समान गुणांच्या तिघांपैकी अर्धे धरले, तर १३ अधिक दीड, म्हणजे साडेचौदा, आणि उत्तर ७२.५. तिन्ही पद्धती रूढ आहेत. एक्सेलमधलं `PERCENTRANK.INC` चौथंच उत्तर देतं, कारण ते १३ ला २० ने नाही, १९ ने भागतं: ०.६८४. म्हणून कोणाचंही पर्सेंटाइल दुसऱ्याशी ताडून पाहण्याआधी पद्धत कोणती, हे विचारून घ्यावं. वर्गासाठी एनटीएसारखी मोजणी हवी असेल आणि गुण B2 ते B21 मध्ये असतील, तर हे सूत्र चालतं:

```
=COUNTIF($B$2:$B$21,"<="&B2)/COUNT($B$2:$B$21)*100
```

गैरहजर मुलांपुढे शून्य भरू नका. दोन गैरहजरांना शून्य दिलं, तर ३८ चं पर्सेंटाइल १८ भागिले २२, म्हणजे सुमारे ८१.८ होतं. परीक्षेला न बसलेल्यांच्या जिवावर बाकीचे वर चढतात. त्या रकान्यात ‘गैरहजर’ असं लिहिलं, की वरचं सूत्र बाकीच्यांच्या मोजणीतून त्यांना आपोआप वगळतं; गैरहजरांच्या स्वतःच्या ओळीत मात्र ते सूत्र भरू नका.

आता समजा पेपर अवघड निघाला आणि प्रत्येकाचे ८ गुण कमी झाले. ३८ चे ३० झाले, टक्के ७६ वरून ६० वर आले. पर्सेंटाइल ८० च राहिलं, कारण रांग हललीच नाही. वेगवेगळ्या सत्रांत वेगवेगळे पेपर असताना परीक्षा घेणाऱ्यांना पर्सेंटाइल सोयीचं वाटतं ते यामुळेच. अर्थात, प्रत्येक सत्रातली मुलं साधारण सारख्या तयारीची आहेत, हे त्यात गृहीत असतं.

गुणांमधलं अंतर आणि पर्सेंटाइलमधलं अंतर यांचा मेळ बसत नाही, हेही यादीत दिसतं. २८ वरून ३६ वर जायला ८ गुण लागतात आणि पर्सेंटाइल ३० वरून ६५ होतं. १४ वरून २२ वर जायलाही ८ च गुण लागतात, पण पर्सेंटाइल ५ वरून जेमतेम १५ होतं. मधल्या भागात गर्दी असल्याने तिथे एकेक गुण बऱ्याच जणांना मागे टाकतो. शिवाय २० जणांच्या वर्गात एक विद्यार्थी म्हणजे ५ पर्सेंटाइल. तिथे दशांश चिन्हापुढचे आकडे छापण्यात अर्थ नाही. एनटीए सात दशांश स्थळांपर्यंत जाते, कारण लाखो उमेदवारांत बरोबरी टाळायची असते.

आणखी एक चूक म्हणजे विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढणं. फिजिक्समध्ये ९० आणि केमिस्ट्रीमध्ये ९०, म्हणून एकूणही ९०, असं होत नाही. फिजिक्समध्ये जे पुढे आहेत तेच केमिस्ट्रीमध्येही पुढे असतील असं नाही, त्यामुळे दोन्हींत बरा असलेला विद्यार्थी एकूण गुणांत ९० च्या वरही जाऊ शकतो. एकूण पर्सेंटाइल हवं असेल, तर आधी प्रत्येकाच्या गुणांची बेरीज करायची, त्या बेरजांची नवी यादी लावायची आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून करायची.