‘घेता आला नाही’ आणि ‘परवडला नाही’: कॅन्सलेशन इन्शुरन्समधला खरा घोळ

लायबिलिटी इन्शुरन्स आणि कॅन्सलेशन इन्शुरन्स यातला फरक बहुतेक आयोजकांना माहीत असतो. कुणाच्या अंगावर स्टँड पडला तर लायबिलिटी, कार्यक्रमच झाला नाही तर कॅन्सलेशन. घोळ याच्या पुढच्या पायरीवर होतो, आणि तोच दरवेळी समजावून सांगायचा आता कंटाळा आलाय.

‘कार्यक्रम रद्द झाला की पैसे मिळतात’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. पॉलिसीची भाषा साधारण अशी असते की तुमच्या हाताबाहेरच्या कारणामुळे कार्यक्रम रद्द करणं भागच पडलं पाहिजे. म्हणजे घेता आला नाही. तिकिटं खपली नाहीत, स्पॉन्सर मागे हटला, पैसे कमी पडले, तयारीच झाली नाही, पार्टनरशी वाजलं, हे सगळं ‘घेणं परवडलं नाही’ या खात्यात जातं, आणि ते जवळपास प्रत्येक पॉलिसीत सरळ वगळलेलं असतं. गंमत म्हणजे मध्यम आकाराच्या सशुल्क कार्यक्रमाला सगळ्यात मोठी भीती याच खात्याची असते.

ओळखीतल्या एकाचं सांगतो. ३०० सीटांची वर्कशॉप, तीन आठवडे राहिले तरी ९० तिकिटं गेलेली. त्यात मुख्य वक्त्याला ताप आला, याने लगेच रद्द केलं आणि वक्ता आजारी म्हणून क्लेम टाकला. इन्शुरन्सवाल्यांनी सगळा मेल-व्यवहार मागवला तर तापाच्या चार दिवस आधीचा याचाच मेल सापडला, ‘आकडे येत नाहीयेत, गुंडाळूया का?’ क्लेम फेटाळला गेला. आणि मेल नसता तरी अडलंच असतं, कारण वक्ता न येणं हे बहुतेक वेळा वेगळं अ‍ॅड-ऑन असतं, त्यात वक्त्याचं नाव आधी द्यावं लागतं, ते याने घेतलंच नव्हतं.

पावसाचंही तसंच. उघड्यावरच्या कार्यक्रमाला वादळ-पाऊस बऱ्याचदा जादा प्रीमियम भरून घ्यावा लागतो, आणि घेतला तरी मैदान धोकादायक झालं तर पैसे मिळतात, चिखल बघून लोक घरी बसले तर नाही. साथीचे रोग २०२० नंतर सर्रास वगळलेले असतात. युद्ध, अणुदुर्घटना नेहमीच बाहेर, दहशतवाद बहुतेक वेळा वेगळा घ्यावा लागतो. आणि पॉलिसी घेताना जी अडचण तुम्हाला आधीच माहीत होती तीही बाहेर, म्हणून चक्रीवादळाची बातमी बघून फोन करणाऱ्यांनी फोन करूच नये.

आता पॉलिसी घ्यावी की नाही. लोक एकूण बजेटकडे बघतात, ते चूक आहे, बघायचं ते अडकणाऱ्या पैशाकडे. समजा खर्च १० लाख: हॉल ३, जेवण ३, साउंड-स्टेज दीड, वक्ते दीड, जाहिरात १. दोन दिवस आधी हॉलमध्ये आग लागली. हॉलवाला त्याचे ३ परत देतो, केटररकडे निम्मे म्हणजे दीड अडकतात, साउंडचे पूर्ण दीड, वक्त्यांचं प्रवासभाडं पाऊण, जाहिरातीचा १. बुडाले पावणेपाच, दहा नव्हे, आणि इन्शुरन्सही तेवढंच धरतो, त्यातूनही तुमच्या वाट्याची ठरलेली रक्कम वजा करून. वाचलेला खर्च ते मोजतातच. तिकिटांचे रिफंड वेगळे मागता येत नाहीत, कारण त्या तिकिटांमधूनच हा खर्च निघणार होता. नफाही हवा असेल तर विमा खर्चावर नाही, अपेक्षित उत्पन्नावर उतरवावा लागतो, प्रीमियमही तसाच वाढतो.

तर स्वतःला विचारा, पावणेपाच लाख गेले तर पुढचा कार्यक्रम होईल का? आणि हॉलवाला तारीख बदलून देतो का? तारीख सरकत असेल तर बुडणारा पैसा आणखी कमी होतो, तेव्हा मी तरी पॉलिसी घेत नाही, त्यापेक्षा केटररशी रद्द करण्याच्या अटी घासून घेतो. पण तारीख हलणारी नाही, वक्ते बाहेरून येणार, अ‍ॅडव्हान्स परत न मिळणारे, असं असेल तर घ्या, आणि पहिला अ‍ॅडव्हान्स भरताना घ्या. लवकर घेतली म्हणून प्रीमियम सहसा वाढत नाही, दिवस मात्र जास्त कव्हर होतात.

आणि खरंच वेळ आली तर लोकांना रद्दचा मेसेज जाण्याआधी इन्शुरन्सवाल्यांना फोन गेला पाहिजे. त्यांना न विचारता रद्द केलं तर ‘पुढे ढकलता आला असता’ हे वाक्य पहिल्याच पत्रात येतं.