लक्ष्य किती आणि झाले किती: अहवालातील नवा बुलेट चार्ट कसा वाचावा

या महिन्यापासून आपल्या विक्री अहवालात गोल काटेवाले डायल नसतील. त्यांच्या जागी आडव्या पट्ट्यांचा बुलेट चार्ट असेल. डॅशबोर्डवरच्या डायलना पर्याय म्हणूनच अमेरिकेतील स्टीफन फ्यू यांनी हा चार्ट तयार केला.

समजा, एका कापड दुकानाचे महिन्याचे लक्ष्य १२ लाख रुपये होते आणि विक्री १०.२ लाखांची झाली. चार्टची मोजपट्टी शून्यापासून १५ लाखांपर्यंत आहे. मागे राखाडी रंगाच्या तीन छटा दिसतील: ८ लाखांपर्यंत गडद, म्हणजे विक्री कमी, ११ लाखांपर्यंत मध्यम, म्हणजे ठीक, त्यापुढे फिकी, म्हणजे चांगली. त्यावरची बारीक काळी पट्टी म्हणजे प्रत्यक्ष विक्री. ती १०.२ वर थांबते. १२ वरची उभी रेघ म्हणजे लक्ष्य. पट्टीचे टोक आणि रेघ यांच्यामधले अंतर म्हणजे १.८ लाखांची तूट, आणि ती पाहताक्षणी कळते.

डायलवर हीच तूट काट्याच्या कोनातून ओळखावी लागते. कोनापेक्षा एकाच मोजपट्टीवरची जागा माणूस जास्त अचूक ओळखतो, हे क्लीव्हलंड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोगांतून दाखवले. शिवाय चार शाखांचे चार डायल अर्धे पान अडवतात, तर चार पट्ट्या एकाखाली एक चार ओळींत बसतात. शाखांची लक्ष्ये वेगवेगळी असतील तेव्हा आम्ही रुपयांऐवजी लक्ष्याची टक्केवारी दाखवतो, म्हणजे सर्व रेघा १०० वर एका सरळ रेषेत येतात आणि मागे पडलेली शाखा लगेच दिसते. बॉयलरचा दाब चालता चालता बघायचा असेल तर डायल उत्तमच. तिथे एकच आकडा आणि धोक्याची एकच खूण असते.

महिना अर्धवट असताना मात्र जपून वाचा. २० तारखेला ७.४ लाखांची विक्री १२ लाखांच्या रेघेशेजारी फारच तोकडी वाटते. तीस दिवसांच्या महिन्यात तोवर ८ लाख अपेक्षित असतात, म्हणजे तूट खरी ६० हजारांचीच. म्हणून मधल्या अहवालात लक्ष्याची रेघ आणि मागच्या छटा आम्ही त्या तारखेपुरत्या मोजून लावतो. सणासुदीच्या महिन्यात हा सरळ हिशेब चालत नाही. अशा वेळी मागच्या वर्षीची तारीखवार विक्री आम्हाला अवश्य कळवा.

परत आलेला माल किंवा खर्च यांत आकडा लहान असलेला बरा. तिथे छटांचा क्रम उलटा असतो आणि पट्टी रेघेच्या अलीकडे थांबली तर ते चांगले.

हा चार्ट आपण स्वतः एक्सेलमध्ये करणार असाल तर एक गोष्ट हमखास बिघडते. विक्रीची पट्टी दुय्यम अक्षावर ठेवली की एक्सेल त्या अक्षाची मर्यादा आपल्या मनाने ठरवतो. मग १०.२ लाखांची पट्टी १२ च्या रेघेपलीकडेही गेलेली दिसू शकते. दोन्ही अक्षांची किमान मर्यादा ० आणि कमाल १५ अशी हाताने भरा. नंतर विक्रीच्या रकान्यात तात्पुरते १२ टाकून पाहा: पट्टीचे टोक रेघेला नेमके टेकले पाहिजे.